टास्क टूचा विषय अनोळखी निघाला तर मुद्दे कुठून आणायचे? (आयेल्ट्स)

गिअरबॉक्स (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. महिन्याभरात आयेल्ट्स देतोय. शिक्षण मेकॅनिकलचं. इंग्रजी ठीक आहे, ऐकणं-वाचणं-बोलणं जमतं. अडतो तो लेखनात, आणि तेही व्याकरणात नाही. साठ मिनिटांतली चाळीस टास्क टूला ठेवतो, त्यातली दहा-बारा मिनिटं नुसती पेन चावण्यात जातात. विषय आरोग्य, शिक्षण, पर्यावरण असा काहीतरी येतो. त्यावर आयुष्यात कधी विचार केलेला नसतो.

काल सरावाला हा प्रश्न घेतला होता (सोयीसाठी मराठीत लिहितो): "साखर असलेल्या पेयांवर जादा कर लावणे हा लोकांचे आरोग्य सुधारण्याचा सर्वोत्तम मार्ग आहे, असे काहींना वाटते. तुम्ही कितपत सहमत आहात?"

माझ्या कागदावर आलं ते एवढंच: "साखर वाईट. मधुमेह. कर चांगला." यापुढे गाडी गेली नाही. डोक्यात ठेवता येईल अशी एखादी यादी आहे का, की कुठलाही विषय आला तरी दोन-तीन मिनिटांत मुद्दे पडतील?

---

पाटीपेन्सिल
शनिवार, रात्री १०:०५

सोपं आहे. सहा डबे करायचे: आर्थिक, सामाजिक, राजकीय, तांत्रिक, कायदेशीर, पर्यावरणीय. मॅनेजमेंटला हेच शिकवतात. प्रत्येक डब्यात एक मुद्दा टाकला की सहा मुद्दे तयार. तुमच्या प्रश्नावर: आर्थिक म्हणजे सरकारला महसूल. सामाजिक म्हणजे जागृती. राजकीय म्हणजे इच्छाशक्ती. कायदेशीर म्हणजे अंमलबजावणी. पर्यावरणीय म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या कमी. झालं की. तांत्रिक नाही सापडला, पण पाच खूप झाले.

---

खडूची_धूळ
शनिवार, रात्री ११:२०

पाटीपेन्सिल, यादी हवी हे बरोबर. पण ही यादी या परीक्षेला दोन ठिकाणी अडते, आणि वर्गात दर बॅचला हेच दिसतं.

पहिली अडचण जागेची. किमान २५० शब्द. व्यवहारात २७०-२९० लिहून होतात. प्रस्तावना आणि शेवट यांचे ८०-९० वजा केले की मधल्या दोन परिच्छेदांना प्रत्येकी शंभराच्या आसपास उरतात. शंभर शब्दांत एक मुद्दा नीट उलगडतो, फार तर दीड. पाच मुद्दे कोंबले की प्रत्येकाला दोन वाक्यं मिळतात आणि निबंधाची किराणा यादी होते. गुणांचा एक चतुर्थांश भाग प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर असतो, आणि तिथे मुद्दा पुढे नेला का, त्याला आधार दिला का, हे पाहतात. मुद्दे किती, हे कुणी मोजत नाही. सहाच्या बँडवर अडकलेल्या बऱ्याच वह्यांत मुद्दे सगळे बरोबर असतात, पण एकही पुढे गेलेला नसतो.

दुसरी अडचण जास्त वाईट आहे. "सामाजिक" हे डब्याचं नाव झालं, मुद्दा नाही. त्यातून येतं "जागृती". आता जागृती या शब्दावर तिसरं वाक्य लिहून दाखवा. नाही लिहिता येत, कारण त्यात माणूसच नाही. पर्यावरणाच्या डब्यातून प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, आणि प्रश्न तर आरोग्याचा होता. म्हणजे डबा भरायच्या नादात प्रश्न सुटला.

म्हणून मी विषयांची यादी देत नाही, माणसांची देते. डाव्या हाताची पाच बोटं. हात परीक्षेच्या हॉलमध्ये बरोबरच असतो.

करंगळी: लहान मूल. अनामिका, म्हणजे अंगठीचं बोट: घर, संसार. मधलं बोट, सगळ्यात उंच: त्या क्षेत्रात रोज उभा राहून काम करणारा (शिक्षक, डॉक्टर, कंडक्टर, शेतकरी, प्रश्नाप्रमाणे बदलतो). तर्जनी, हुकूम सोडणारं बोट: सरकार. अंगठा, सावकाराच्या कागदावरचा: ज्याचा पैसा गुंतलाय तो, म्हणजे कंपनी, दुकानदार, मालक.

प्रत्येक बोटाला तीनच प्रश्न: याच्या खिशाचं काय होतं? याच्या घड्याळाचं काय होतं? याच्या अंगाचं, म्हणजे तब्येतीचं-मनाचं काय होतं? खिसा, घड्याळ, अंग.

पंधरा खणांचा तक्ता भरायचा नाहीये. दोन चांगले मुद्दे मिळाले की बोटं मोजणं थांबवायचं. उद्या गिअरबॉक्सचाच प्रश्न घेऊन दाखवते.

---

स्पर्धक_सोलापूर
रविवार, सकाळी ७:१०

छान धागा. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यापासून आम्हालाही निबंधाचा पेपर आहे. तिथे ही पाच बोटं लावून अकराशे शब्द कसे काढायचे? दोन मुद्द्यांवर एवढं लिहिलं तर पाणीच घालावं लागेल. प्रस्तावनेला सुभाषित घ्यावं का?

---

गिअरबॉक्स
रविवार, सकाळी ८:३०

सोलापूरकर, हा धागा आयेल्ट्सचा आहे हो. पण ताईंनी उत्तर दिलं तर मलाही वाचायला आवडेल.

---

खडूची_धूळ
रविवार, दुपारी १२:१५

आधी मूळ प्रश्न. वेळेसकट लिहिते.

पहिला अर्धा मिनिट बोटांना हात लावायचा नाही. प्रश्नातल्या तीन गोष्टींखाली रेघ मारायची: *कर*, *साखर असलेली पेये*, *सर्वोत्तम*. तिसरा शब्द हा या प्रश्नाचा काटा आहे. कर उपयोगी आहे का, हे विचारलेलं नाही. सगळ्यांत उपयोगी आहे का, हे विचारलंय. निम्मे विद्यार्थी या शब्दावरून नजर घसरून जातात आणि "साखरेचे दुष्परिणाम" असा शाळेतला निबंध लिहितात.

आता बोटं, दोन-अडीच मिनिटं. कागदावर एकेक-दोनदोन शब्दच.

करंगळी, शाळकरी पोर. खिसा: हातात वीस रुपये, बाटली पंचविसाची झाली तर घेणार नाही. अंग: दात. हे दोन झाले.

अनामिका, घर. खिसा: कर गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच, पण चटका गरिबाला जास्त. अंग: घरातली साखर बाटलीतून कुठे येते? ती चहातून येते, बिस्किटांतून येते, सणाच्या गोडातून येते. इथे थांबायचं आणि या शब्दाभोवती गोल करायचा, कारण हा *सर्वोत्तम*ला थेट भिडतो. कर फक्त बाटलीला लागतो, बाकीची साखर मोकळीच.

मधलं बोट, डॉक्टर. घड्याळ: रुग्ण कमी होतील? फार लांबचं आहे, सोडून द्या.

तर्जनी, सरकार. खिसा: कराचे पैसे आले, त्यातून शाळांत प्यायच्या पाण्याची सोय. बरा आहे, राखीव ठेवा.

अंगठा, कंपनी. खिसा: कर साखरेच्या प्रमाणावर लावला तर कर चुकवायला कंपनी साखरच कमी करेल. गोल करा. गिऱ्हाईकाने काहीही न बदलता त्याच्या पोटातली साखर कमी झाली, हा मुद्दा शंभरातल्या नव्वदांना सुचत नाही, कारण ते "लोक" या एकाच माणसाचा विचार करत बसतात.

दोन गोल मिळाले. भूमिका आपोआप ठरली: कर कामाचा आहे, पण सर्वोत्तम नाही. एक परिच्छेद अंगठ्याचा, एक अनामिकेचा. तर्जनीला हात जोडायचे.

आता उरलेली दोन मिनिटं, आणि खरा फरक इथेच पडतो. प्रत्येक मुद्द्याला एकदा "म्हणजे कसं?" आणि दोनदा "मग काय?" विचारायचं. अंगठ्याचं बघा:

कर साखरेच्या प्रमाणावर. *म्हणजे कसं?* शंभर मिलिलिटरमध्ये ठरावीक ग्रॅमच्या वर साखर असेल तरच कर. *मग काय?* कंपनी त्या रेषेच्या खाली यायला कृती बदलते. *मग काय?* ज्याला आरोग्याशी काही देणंघेणं नाही असा माणूसही तीच बाटली पितो आणि कमी साखर खातो.

ही चार वाक्यं झाली. पाचवं उदाहरणाचं. परिच्छेद उभा राहिला, आणि फुलवायला "आजच्या धावपळीच्या युगात" लागलं नाही.

एकूण साडेचार-पाच मिनिटं. लिहायला तीस, तपासायला पाच.

सोलापूरकर, तुमचं वेगळं लिहिते, थोडं थांबा.

---

पाटीपेन्सिल
रविवार, दुपारी १:००

मान्य, माझा "जागृती" फुसका होता. पण कंपनी साखर कमी करते हे ज्याला माहीत आहे त्यालाच सुचणार ना? ही यादीची करामत नाही, वाचनाची आहे.

---

लिंबूसरबत
रविवार, दुपारी २:२५

थोडं दोन्ही. ब्रिटनमध्ये असा कर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१८ पासून लागू. शंभर मिलिला पाच ग्रॅमच्या खाली कर नाही, पाच ते आठ कमी दर, आठच्या वर जास्त दर. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी साखर उतरवली. मेक्सिकोत २०१४ पासून लिटरमागे एक पेसो होता, साखर किती हे न बघता. तिथे साखर थोडी कमी करून कंपनीचा कर वाचत नव्हता. म्हणजे खडूताईंचा मुद्दा कर कसा लावलाय त्यावर अवलंबून आहे.

हे मला माहीत आहे कारण धंदा खाद्यपदार्थांचा. पण "कर लागला तर कंपनी काय करेल?" हा प्रश्न कुणी विचारला असता तर हे उत्तर कुठल्याही किराणा दुकानदाराने दिलं असतं. जीएसटीचा दर बदलला की पुड्याचं वजन कसं बदलतं, ते त्याला चांगलं ठाऊक असतं.

---

खडूची_धूळ
रविवार, दुपारी ३:१०

लिंबूसरबत, हेच म्हणायचं होतं, आणि मेक्सिकोची भर उत्तम. माहिती असली तर दुधात साखर (या धाग्यावर तरी ही म्हण नको होती). पण परीक्षकाला २०१८ हे साल नको असतं, त्याला कारण-परिणाम हवा असतो. "कंपनी कर टाळायला साखर कमी करेल" हे सालाशिवायही तेवढंच उभं राहतं.

---

पांढरा_कोट
रविवार, सायंकाळी ५:४५

मी परिचारिका आहे, आणि माझी अडचण उलटी. पर्यावरण आलं तर जमतं. आरोग्य आलं की मुद्दे इतके येतात की निबंध वॉर्डातल्या हँडओव्हरसारखा होतो. मागच्या वेळी "सरकारने उपचारापेक्षा प्रतिबंधावर खर्च करावा का" असा प्रश्न होता. मी लसीकरण, तपासण्या, रक्तदाब, गरोदरपणातली काळजी, सगळं लिहिलं. ३४० शब्द झाले आणि लेखनात बाकीच्यांपेक्षा कमी बँड आला. ज्याला विषय येतो त्याने यादी वापरायची का?

---

खडूची_धूळ
रविवार, सायंकाळी ७:००

उलट तुम्हीच जास्त वापरायची. गिअरबॉक्सना ती मुद्दे *आणायला* लागते, तुम्हाला *गाळायला*. तुमचे चारही मुद्दे पाहा: लसीकरण, तपासणी, रक्तदाब, गरोदरपण. चारही मधल्या बोटावर आहेत, आणि चारही "अंग" या एकाच खणातले. चार परिच्छेद लिहिले तरी वाचणाऱ्याला एकच गोष्ट चारदा ऐकल्यासारखी वाटते.

कसोटी अशी: दोन परिच्छेद दोन वेगळ्या बोटांचे हवेत. बोट एकच असेल तर खण तरी वेगळा. तुमच्या प्रश्नात एक परिच्छेद घराच्या खिशाचा होऊ शकतो (उशिरा सापडलेला आजार सगळ्या घराची बचत खातो, मोठ्या मुलाचं शिक्षण थांबतं). दुसरा तर्जनीचा, आणि तोही विरोधातला: आज जे खाटेवर आहेत त्यांचं काय, त्यांचा पैसा उद्याच्या लसीकडे वळवायचा का? यात वैद्यकीय शब्द एकही नाही.

---

गिअरबॉक्स
सोमवार, रात्री १०:३०

ताई, आज दुसरा प्रश्न लावून पाहिला. "हवामान बदलावर एकटा माणूस काही करू शकत नाही, फक्त सरकारे आणि मोठ्या कंपन्याच करू शकतात. कितपत सहमत?"

चार मिनिटांत आलं ते जसंच्या तसं देतो:
करंगळी: मुलांना दमा, अंग.
अनामिका: उन्हाळ्यात विजेचं बिल वाढतं, खिसा.
मधलं: शेतकरी, अवकाळी पाऊस, द्राक्षं गेली, खिसा.
तर्जनी: नुकसानभरपाई द्यावी लागते.
अंगठा: विमा कंपनी.

खूष होतो, पाचही बोटं भरली. मग लिहायला बसलो आणि दुसऱ्या परिच्छेदात लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. काय ते कळेना.

---

लिंबूसरबत
सोमवार, रात्री १०:५०

तुम्ही "हवामान बदलाचे परिणाम" लिहिलेत. विचारलं होतं "कोण काय करू शकतो".

---

खडूची_धूळ
सोमवार, रात्री ११:३५

बरोबर पकडलं. या पद्धतीचा सगळ्यात मोठा धोका हाच, आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. बोटं सवयीने "याचं काय *होतं*?" विचारतात. फायदे-तोटे, सहमत-असहमत, परिणाम, अशा प्रश्नांना ते चालतं. पण प्रश्न जबाबदारीचा किंवा उपायाचा असेल तर क्रियापद बदलायचं: "हा काय *करू शकतो*, आणि कुठे अडतो?" कारणं विचारली असतील तर: "याने पूर्वीपेक्षा काय वेगळं *करायला घेतलं*?" बोटं तीच, खण तेच, क्रियापद प्रश्नातून उचलायचं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात रेघा मारताना एक रेघ क्रियापदाखाली हवीच.

तुमचाच प्रश्न परत:

अनामिका, घर. काय करू शकतं? गाडी सोडून बसने जाऊ शकतं. कुठे अडतं? घड्याळावर. बस पाऊण तासाने एक असेल तर नोकरीवाला माणूस स्कूटरच काढणार. मग काय? घराची निवड सरकारने समोर काय ठेवलंय त्यावर ठरते. मग काय? माणूस शून्य नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकावर आहे.

हा एक परिच्छेद झाला, आणि विधानाच्या बाजूचा झाला. आता विरोधातला शोधा. अंगठा, कंपनी. काय करू शकते? कमी प्रदूषण करणारा माल काढू शकते. कुठे अडते? गिऱ्हाईकाने घेतला नाही तर बंद करेल. मग काय? म्हणजे एकट्या माणसाचा खिसा कंपनीला वळवतो. "काहीच करू शकत नाही" हे विधान इथे मोडतं.

द्राक्षांचा मुद्दा सुंदर होता, मलाही सोडवत नाही. पण तो या प्रश्नाचा नाही. बरा मुद्दा टाकून देणं हे या पाच मिनिटांतलं सगळ्यात अवघड काम आहे.

ओळखायची खूण: परिच्छेदाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी ते प्रश्नाच्या पुढे "हो, कारण…" किंवा "नाही, कारण…" लावून मनात म्हणून बघा. "नाही, कारण मुलांना दमा होतो." नाही बसत. तिथेच थांबायचं, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जायचं नाही.

---

घोकंपट्टी_झिंदाबाद
मंगळवार, सकाळी ९:१५

एवढी बोटं मोडण्यापेक्षा आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, तंत्रज्ञान, गुन्हेगारी, या पाच विषयांचे वीस-वीस मुद्दे पाठ करा. शंभर मुद्दे. विषय फिरून फिरून तेच येतात. आमच्या क्लासमध्ये छापील पुस्तिकाच देतात.

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, सकाळी ९:५०

विषय तेच येतात, प्रश्न तेच येत नाहीत. "सार्वजनिक आरोग्यासाठी खेळाच्या सुविधा वाढवाव्यात की दुसरे उपाय करावेत" याला तुमच्या आरोग्याच्या वीसांपैकी किती लागू पडतात? मी काल स्वतःच्या सहा डब्यांनी करून पाहिलं, एक लागला. बोटांनी करंगळीचं घड्याळ लगेच निघालं: शाळा, शिकवणी, जेवण, मैदानाला वेळच नाही, मग मैदान बांधून काय उपयोग?

(हो, मी पक्ष बदललाय.)

---

खडूची_धूळ
मंगळवार, दुपारी २:००

घोकंपट्टी, पुस्तिका अगदीच टाकाऊ नाही. त्यातले *शब्द* घ्या. प्रतिबंध, अनुदान, उत्सर्जन, गळती यांना इंग्रजीत काय म्हणतात आणि कोणत्या क्रियापदाबरोबर येतात, हे विषयवार पाठ असलेलं बरं. पण पाठ केलेली वाक्यं उचलून ठेवली की ती आजूबाजूच्या वाक्यांपेक्षा वेगळी दिसतात. एक वाक्य चकचकीत आणि पुढचं लंगडं. परीक्षकांना पाठांतर ओळखायला शिकवलेलं असतं, आणि त्याचा भुर्दंड पडतो.

---

पांढरा_कोट
मंगळवार, रात्री ८:२०

एक शंका. ही टिपणं मराठीत काढायची की इंग्रजीत? आमच्या सरांचा आग्रह आहे की विचारच इंग्रजीत करायचा, नाहीतर वाक्यं भाषांतरित वाटतात.

---

खडूची_धूळ
मंगळवार, रात्री ९:००

माझं मत: सुटे शब्द मराठीत, वाक्य मनातही मराठीत करायचं नाही. "पोर, वीस रु., घेणार नाही" हे टिपण चालतं, पटकन येतं. पण "मुलाच्या खिशाला परवडणार नाही म्हणून तो हात आखडता घेईल" असं आख्खं वाक्य आधी मराठीत रचलं, तर इंग्रजीत हात आखडायला शब्द शोधत बसाल. आणि टिपणातल्या ज्या शब्दाला इंग्रजी सुचत नाही, तो मुद्दा कितीही चांगला असला तरी त्या दिवशी तुमचा नाही.

---

लिंबूसरबत
मंगळवार, रात्री ९:३०

इथे मी सरांच्या बाजूने. मराठीत सुचलेले बरेच मुद्दे शेवटच्या अटीवर बाद होणार असतील तर ती मिनिटं गेलीच ना? पाचातली दोन वाया. सुरुवातीचे आठ-दहा सराव मराठीत आणि नंतर इंग्रजीत टिपणं, असं का नाही?

---

खडूची_धूळ
मंगळवार, रात्री ९:५०

करून बघायला हरकत नाही. मला दिसलेलं असं की घाबरलेल्या माणसाला पहिला शब्द मातृभाषेतच येतो, त्याला अडवलं की तोही येत नाही. पण हे प्रत्येकाचं वेगळं.

सोलापूरकर, तुमचं राहिलंच. लांब निबंधाला पाचही बोटं वापरायची, गाळायची नाहीत, आणि तीन खणांच्या जोडीला काळ लावायचा: काल, आज, पुढची पंचवीस वर्षं. शिवाय तिथे पाटीपेन्सिल यांचे सहा डबे खरोखर कामाचे आहेत, पण *शेवटी*, काही सुटलं का ते बघायला. डब्यातून सुरुवात केली की तिथेही "जागृती"च येणार. सुभाषिताबद्दल मी बोलत नाही, तो पेपर मी शिकवत नाही.

---

स्पर्धक_सोलापूर
बुधवार, सकाळी ६:५०

धन्यवाद ताई. पण अमूर्त विषय आला तर? "सत्य हे सापेक्ष असते" यात करंगळी कुठे बसवू?

---

पाटीपेन्सिल
बुधवार, सकाळी ९:०५

पोरगं आईला सांगतं "मी नाही फोडला ग्लास". बसली की करंगळी. बाकीची चार तुम्ही बघा.

---

घोकंपट्टी_झिंदाबाद
बुधवार, सकाळी ११:३०

उदाहरणांचं काय? क्लासमध्ये सांगतात "एका विद्यापीठाच्या अभ्यासानुसार ७२ टक्के…" असं ठोकून द्या, कोण तपासतंय?

---

खडूची_धूळ
बुधवार, दुपारी १:१५

तपासत कुणी नाही, खरं आहे. माहिती खरी की खोटी यावर गुण नाहीत. पण बनावट टक्क्याने मुद्दा पुढे जात नाही. "७२ टक्के लोकांना कराने फायदा झाला" हे वाक्य काढून टाका, परिच्छेदात काहीच बिघडत नाही. उलट "वीस रुपये घेऊन शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीत गेलेला मुलगा बाटलीऐवजी शेंगदाण्याची पुडी घेतो" हे काढलं तर परिच्छेद पांगळा होतो. उदाहरण त्या बोटाचंच घ्यायचं, ज्या बोटाचा मुद्दा आहे. वेगळं शोधायला जायचं नाही.

---

लिंबूसरबत
बुधवार, दुपारी १:४०

खरं उदाहरण हाताशी असेल तर घालायला काय हरकत? केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला होता. नेमकं आहे, एका ओळीत मावतं.

---

खडूची_धूळ
बुधवार, दुपारी २:०५

असेल तर घाला. शोधायला मिनिट घालवू नका, एवढंच.

---

गिअरबॉक्स
गुरुवार, रात्री ११:१०

चार दिवसांत अकरा प्रश्न केले. लिहिलं काहीच नाही, फक्त मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावून टिपणं. पहिल्या तीनांना आठ मिनिटं लागली, आता साडेपाचवर आलोय. आजचा शिक्षणाचा तपासून द्याल का?

"विद्यापीठाचे शिक्षण सर्वांना मोफत असावे. कितपत सहमत?" रेघा: *विद्यापीठ*, *सर्वांना*, *मोफत*. क्रियापद "असावे", म्हणून "याचं काय होईल" चालेल असं धरलं.

अनामिका, खिसा: फी नाही, म्हणून गरीब घरातली मुलगी शिकेल. म्हणजे कसं? घरात दोन मुलं असली की पैसा आधी मुलावर खर्च होतो. मग काय? फी गेली की निवडायची वेळच येत नाही. मग काय? दोघं शिकतात.
तर्जनी, खिसा: *सर्वांना* म्हणजे श्रीमंतांनाही. ज्याला परवडतं त्याची फी पानवाला आपल्या करातून भरणार. मग काय? प्राथमिक शाळेचा पैसा तिकडे जाणार.
भूमिका: सर्वांना नको, गरजूंना हवं.

करंगळी आणि अंगठा रिकामे राहिले.

---

खडूची_धूळ
शुक्रवार, सकाळी ७:४५

रिकामे राहू देत. *सर्वांना* हा शब्द बरोबर पकडलात, पानवाला तर फारच आवडला.

एक दुरुस्ती. पहिल्या साखळीत पहिलं "मग काय" घसरलंय. फी गेली म्हणून निवडायची वेळ येत नाही, हे खरं नाही. वसतिगृह, खानावळ, एसटीचा पास, पुस्तकं हा खर्च राहतोच, आणि तालुक्याबाहेर शिकायला जायचं तर बऱ्याचदा तोच फीपेक्षा जड जातो. म्हणजे घर पुन्हा निवड करणारच. हे तिथेच लिहा: नुसती फी माफ करून ती मुलगी कॉलेजात पोचत नाही, तिला खोलीभाडंही लागतं. मग "गरजूंना हवं" ही तुमची भूमिका पहिल्या परिच्छेदातूनच निघते, दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही.

---

गिअरबॉक्स
शुक्रवार, सकाळी ८:१०

अरे हो. खोलीभाडं डोक्यातच आलं नाही, आणि मी चार वर्षं खोली घेऊनच शिकलोय. आज रात्री हाच पूर्ण लिहून काढतो, तीस मिनिटांत.

---

पांढरा_कोट
शुक्रवार, सकाळी ८:२५

इथेच टाका. शब्द मी मोजते.